इरकल हातमागाची की यंत्रमागाची? फोटोत पदराचा सांधा पाहा

पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाला आलेल्या अनेक घरांतून इरकल साडी आजही नेसली जाते. हे वस्त्र मूळचे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचे. आता तिची खरेदी बहुधा मोबाइलवर आलेल्या फोटोवरूनच होते आणि यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावात गळ्यात पडण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी विक्रेत्याकडून एकच फोटो आवर्जून मागवावा: अंग आणि पदर जिथे जुळतात त्या भागाचा, सुलट व उलट बाजूने, जवळून घेतलेला.

पारंपरिक इरकलीत अंगाचा आणि पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगवेगळे असतात. मागावर ते फासे एकमेकांत अडकवून जोडले जातात. या पद्धतीला ‘टोपे टेणी’ म्हणतात. त्यासाठी प्रत्येक साडीचा ताणा स्वतंत्र तयार करावा लागतो. यंत्रमागावर मात्र अनेक साड्यांचा एकच लांब ताणा असतो. त्यामुळे तिथे अंगाचे उभे धागे थेट पदरात जातात. साडी हिरवी असेल, तर लाल पदरात हिरवी झाक उतरते. अस्सल सांध्यावर बारीक आडवी रेघ दिसते आणि तिच्यापलीकडे उभा धागाही लालच असतो. उलट बाजूस शिवणीची घडी दिसली, तर पदर नुसता शिवलेला आहे असे समजावे.

काठ मात्र एवढा निर्णायक नसतो. तीन धोट्यांनी विणलेल्या साडीत अंगाचा आडवा धागा काठाशी वळून मागे फिरतो आणि काठाचा रंग स्वच्छ राहतो. एकाच धोट्याच्या विणीत तो काठातूनही जातो. पण अशी वीण हातमागावरही होते. कडेची बारीक छिद्रे हाही पुरावा नव्हे, कारण कापड ताणून धरण्याचे काटे यंत्रमागालाही असतात. ‘सिल्क मार्क’ केवळ रेशमाची ग्वाही देतो. विणकामासाठी 2006 साली सुरू झालेला ‘हँडलूम मार्क’ पाहावा.

किमतीचा हिशेब उदाहरणाने पाहता येईल. सुती अंग आणि रेशमी पदर-काठ असलेल्या साडीला सूत, रेशीम व रंगणावळ मिळून 1,400 रुपये लागले असे धरू. ताणा जुळवणे आणि विणणे यांचे तीन दिवस, रोजची मजुरी 500 रुपये, म्हणजे 1,500. उत्पादनखर्च 2,900 झाला. त्यावर व्यापाऱ्याचे तीस टक्के धरल्यास किंमत 3,770 रुपयांवर जाते. दर बदलतील, परंतु हिशेबाची रीत तीच राहील. अशी साडी कोणी 900 रुपयांत देऊ केली, तर रेशीम किंवा हातमाग यांपैकी एक गोष्ट खरी नाही. पदर-काठात रेशमाऐवजी कृत्रिम धागा असेल, तर खर्च उतरतो; म्हणून धागा कोणता हे बिलावर लिहून घ्यावे. मात्र चढी किंमत हा अस्सलपणाचा दाखला नव्हे. तो पदराच्या सांध्यावरच शोधावा.