९५ रुपयांचा शेअर आणि मालकाचं पत्र

माझा एक मित्र स्टार्टअपमध्ये आहे. पगाराचा मोठा भाग ईसॉप्समध्ये, म्हणजे कंपनीच्या शेअर्समध्ये. परवा चहा पिताना म्हणाला, "आमचा आयपीओ आला की मी सुटलो!" मी विचारलं, "आयपीओचा पैसा नक्की जातो कुणाकडे?" तो गप्प. खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता येईना. म्हणून आजचा एपिसोड इन्फोसिसवर.

१९८१ साली पुण्यात सात इंजिनिअरांनी ही कंपनी सुरू केली. भांडवल होतं १० हजार रुपये, तेही सुधा मूर्तींनी दिलेले. पुढची बारा वर्षं ती खासगी होती. खासगी कंपनीचा शेअर म्हणजे गावाकडच्या सामाईक जमिनीतला हिस्सा. कागदावर तुमचा, पण विकायचा कुणाला आणि कोणत्या भावाने? १९९० मध्ये कंपनी विकून टाकायचा प्रस्ताव आला, तेव्हा या मालकांमध्ये बरीच चर्चा झाली होती. नारायण मूर्ती विकायला तयार नव्हते. उलट बाकीच्यांचे हिस्से मीच घेतो, म्हणाले. शेवटी कुणीच विकलं नाही.

मग त्यांनी आधीच आयपीओ का नाही आणला? कारण तेव्हा शेअरचा भाव सरकार ठरवायचं. दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज नावाचं कार्यालय होतं. कंपनीची मालमत्ता किती, आधीचा नफा किती, यावरून ते किंमत मंजूर करायचं. कापड गिरणीला हे चालून जायचं. पण सॉफ्टवेअर कंपनीची मालमत्ता म्हणजे माणसं, आणि ती तर रोज संध्याकाळी घरी जातात! १९९२ मध्ये तो कायदा रद्द झाला. भाव कंपनीनेच ठरवायचा आणि सगळी माहिती उघड करायची, अशी नवी पद्धत आली. देखरेख सेबीची.

फेब्रुवारी १९९३ मध्ये इन्फोसिसचा आयपीओ आला. १० रुपये दर्शनी किंमतीचा शेअर ९५ रुपयांना. आणि गंमत बघा, तो पूर्ण भरलाच नाही! सॉफ्टवेअर म्हणजे काय, हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. शेवटी मॉर्गन स्टॅनलीने त्याच भावाने मोठा हिस्सा उचलला, म्हणून निभावलं. जूनमध्ये शेअर बाजारात आला तेव्हा भाव होता १४५.

आता इथे नीट लक्ष द्या. १०० शेअर घेणाऱ्याचे ९,५०० रुपये लिस्टिंगलाच १४,५०० झाले. पण मधले ५ हजार कंपनीला मिळाले नाहीत. कंपनीला मिळाले ते ९५ च्या हिशेबाने. त्यानंतर बाजारात होणारी खरेदी-विक्री दोन गुंतवणूकदारांमधली असते.

आणखी एक फरक आहे. कंपनी नवे शेअर काढून विकते, तेव्हा पैसा कंपनीत येतो. याला फ्रेश इश्यू म्हणतात. जुने मालक आपले शेअर विकतात, तेव्हा पैसा त्यांच्या खिशात जातो. ती ऑफर फॉर सेल. हल्लीच्या बऱ्याच आयपीओंत दोन्ही असतं. कशाचा वाटा किती, हे माहितीपत्रकात पहिल्याच पानांवर लिहिलेलं असतं. मित्राला मी तेच वाचायला सांगितलं.

लिस्टिंगमुळे इन्फोसिसला आणखी एक गोष्ट जमली. १९९४ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना शेअर द्यायची योजना आणली. शेअरचा भाव रोज पेपरात छापून येत असल्यामुळे त्या कागदाला अर्थ होता. सामाईक जमिनीच्या हिश्श्याला आता गिऱ्हाईक मिळालं होतं.

पण मालकांचं काय बदललं? समजा तुमच्याकडे कंपनीचे सगळे १०० शेअर आहेत. नवे २५ काढून विकले, तर तुमचे शेअर १००च राहतात, पण हिस्सा १०० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर येतो. कंपनीत पैसा आलाय, त्यामुळे तुम्ही गरीब होत नाही. फक्त मतं कमी होतात. असं वर्षानुवर्षं घटत गेलं की काय होतं?

ते २०१७ मध्ये दिसलं. संस्थापकांच्या कुटुंबांकडे मिळून तेव्हा जेमतेम १३ टक्के शेअर होते. वरिष्ठांचे पगार आणि कंपनीचा कारभार यावरून मूर्तींनी संचालक मंडळाला जाहीर प्रश्न विचारले, पत्रं लिहिली. ऑगस्टमध्ये सीईओ विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांत नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परत आले. म्हणजे मूर्तींच्या शब्दाला वजन होतं. तरी मला त्यातली पत्रंच जास्त आठवतात. १९९० मध्ये ज्या माणसाने सहकाऱ्यांसमोर बसून "मी घेतो" म्हटलं, त्याला २०१७ मध्ये आपल्याच कंपनीला पत्र लिहावं लागलं. ९५ रुपयांना जे विकलं, त्यात हेही होतं.

मित्राचा मेसेज आलाय: "माहितीपत्रक उघडलंय, ४०० पानं आहेत!" भेटू पुढच्या भागात.