एलपीजी सिलिंडरचा रेग्युलेटर व रबरी नळी

एलपीजी सिलिंडरचा रेग्युलेटर व रबरी नळी हे घरगुती सिलिंडर आणि शेगडी यांना जोडणारे दोन भाग आहेत. रेग्युलेटर सिलिंडरमधील वायूचा दाब कमी करून तो शेगडीला योग्य व स्थिर दाबाने पुरवतो. भारतात घरगुती वापरासाठी प्रामुख्याने 14.2 किलोग्रॅम वायूचे सिलिंडर आणि नारिंगी रंगाची 'सुरक्षा' नळी वापरली जाते.

नळीची मुदत व तपासणी

सुरक्षा नळीच्या आत पोलादी तारांचे वेष्टन असते. तिच्यावर आयएसआय चिन्ह व उत्पादनाची तारीख छापलेली असते. तिची मुदत साधारणपणे 5 वर्षे असते. ही मुदत खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर छापलेल्या तारखेपासून मोजावी. उदाहरणार्थ, मार्च 2021 मध्ये बनलेली नळी 2022 च्या मध्यास बसवली, तरी ती मार्च 2026 पर्यंत बदलावी लागते. उष्णता, तेल व हवा यांमुळे रबर वापर नसतानाही हळूहळू कडक होते.

भेगा प्रथम बहुधा दोन्ही टोकांजवळ दिसतात, कारण तेथे नळी ताणली व वाकवली जाते. शेगडी व रेग्युलेटर बंद करून नळी टोकाजवळ हलकेच वाकवल्यास मिटलेली भेग उघडते. भेग पडलेली, कडक झालेली किंवा सैल बसणारी नळी मुदत शिल्लक असली तरी बदलावी. नळीवर कापड किंवा दुसरी नळी चढवू नये, कारण त्याखालील भेग दिसत नाही.

सिलिंडर बदलण्याची पद्धत

सिलिंडर बदलण्यापूर्वी शेगडीच्या सर्व कळा बंद कराव्यात, देवघरातील दिवा व उदबत्तीसह घरातील ज्योती विझवाव्यात आणि खिडक्या उघडाव्यात. रेग्युलेटरची कळ बंद करून त्याचे खालचे प्लॅस्टिकचे कडे वर ओढावे व रेग्युलेटर काढून घ्यावा. रिकाम्या सिलिंडरवर सुरक्षा झाकण बसवावे.

भरलेला सिलिंडर उभा ठेवून त्याचे झाकण काढावे. झडपेच्या तोंडातील रबरी कडी जागेवर व अखंड आहे की नाही, हे पाहावे. ती नसल्यास रेग्युलेटर बसूनही वायू गळतो. कडे वर धरून रेग्युलेटर झडपेवर सरळ दाबावा आणि किंचित फिरवून कडे सोडावे. नीट बसल्यास 'टक्' असा आवाज येतो.

गळतीची चाचणी

शेगडीच्या कळा बंद ठेवून रेग्युलेटर चालू करावा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. वाढत जाणारे बुडबुडे गळती दर्शवतात. चाचणीसाठी काडी पेटवू नये. गळती आढळल्यास रेग्युलेटर बंद करून काढावा व झडपेवर झाकण बसवावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेची बटणे चालू किंवा बंद करू नयेत आणि घराबाहेर जाऊन 1906 या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.