चौपटीचं कूळ

जांब समर्थच्या शाळेत असो की मुंबईच्या, दहावीच्या बीजगणितात पूर्ण वर्ग पद्धती येते. आधी वर्गाच्या सहगुणकानं भागायचं, मग मधल्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवायचा. अल्-ख्वारिज्मीनं नवव्या शतकात चौरस काढून दाखवलेली वाट हीच. पण आपल्याकडे दुसरी वाट होती: भागायचं नाही, चौपटीनं गुणायचं.

ती श्रीधराचार्यांची. त्यांचं बीजगणित हरवलं. हा नियम टिकला तो भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या 'बीजगणिता'त उद्धृत केला म्हणून. नियम असा: ax² + bx = c असेल, तर दोन्ही बाजूंना 4a नं गुणा, दोन्हींकडे b² मिळवा, मग मूळ काढा.

चौपटीचं श्रेय श्रीधरांना देण्यावर दोन हरकती येतात. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही a नं गुणलेलं दिसतं. खरं आहे, पण तिथे b चं निम्मं करावंच लागतं. b विषम असला की अपूर्णांक येतो. 4 मुळे तो टळतो. दुसरी हरकत भारी आहे: ब्रह्मगुप्तानं 628 मध्येच चौपट असलेलं सूत्र दिलं होतं. तरी माझं मत श्रीधरांकडे झुकतं. ब्रह्मगुप्ताचं सूत्र थेट उत्तर देतं. श्रीधर दोन्ही बाजूंवर करायची कृती सांगतात. त्यामुळे एका बाजूला y ठेवला तरी ती कृती चालते. आलेखाची कल्पना त्या काळी नव्हती, ती देकार्तनंतरची. पण अन्वस्ताचा शिरोबिंदू या कृतीतून आपोआप बाहेर पडतो.

y = 3x² − 7x + 2 घ्या. 12 नं गुणलं की

12y = 36x² − 84x + 24 = (6x − 7)² − 25

वर्ग शून्याखाली जात नाही. म्हणून 6x = 7 असताना y सर्वांत लहान: शिरोबिंदू (7/6, −25/12). अपूर्णांक आला तो फक्त शेवटी. 6x − 7 = ±5 यावरून आलेख x-अक्षाला 1/3 आणि 2 वर छेदतो. y-अक्षावर (0, 2) आणि त्याचं x = 7/6 या अक्षापलीकडचं प्रतिबिंब (7/3, 2) मांडलं की वर उघडणारी वक्ररेषा हातानं काढता येते.

नेहमीच्या वाटेनं 3(x² − 7x/3) + 2 लिहून कंसात 49/36 मिळवतात, आणि बाहेर वजा करताना कंसाबाहेरचा 3 विसरतात. वजा करायचे असतात 49/12. चूक झाली की किमान किंमत 23/36 येते, म्हणजे आलेख अक्षाला शिवतच नाही. ती ओळखायला x = 1 ठेवून पाहावं: y = −2, त्या 'किमान' किमतीपेक्षाही खाली.

गणिताच्या शिक्षकांना विनंती एवढीच: मधला सहगुणक विषम असेल तेव्हा फळ्यावर एकदा श्रीधरांची चौपटही करून दाखवा.