रंगांधळेपणा: लाल आणि हिरवा सारखेच का दिसतात?

माझ्या टीममधला एक मित्र पॉवर बँकवरचा लाल दिवा आणि हिरवा दिवा ओळखू शकत नाही. त्याला रंग दिसतात. निळा, पिवळा तर अगदी छान दिसतात. मग नेमकी हीच जोडी का गंडते?

आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगवेगळ्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात. त्यांना एल (लांब तरंगलांबी), एम (मध्यम) आणि एस (आखूड) म्हणू. पण मेंदूकडे हे तीन आकडे जसेच्या तसे जात नाहीत. दृष्टिपटलातच त्यांची वजाबाकी होते. ढोबळमानाने अशी:

```
red_green   = L - M
blue_yellow = S - (L + M)
```

पहिलं उत्तर अधिक आलं तर लालसर, उणे आलं तर हिरवट. एकच आकडा एकाच वेळी अधिक आणि उणे असू शकत नाही, म्हणून ‘लालसर हिरवा’ रंग आपण कल्पनेतही आणू शकत नाही. विरोधी रंगांच्या जोड्यांची ही कल्पना एवाल्ड हेरिंगने 19व्या शतकातच मांडली होती.

आता पॉवर बँककडे या. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. लाल दिव्याला एल 30, एम 5, म्हणजे फरक +25. हिरव्याला एल 40, एम 60, म्हणजे −20. सरळ वेगळे.

एम रंगद्रव्यच नसेल, तर सहसा त्या पेशींमध्येही एलचंच द्रव्य भरलेलं असतं. मग वजाबाकी होते 30−30 आणि 40−40. दोन्हीकडे शून्य! उरतो फक्त निळा-पिवळा मार्ग, आणि तो दोन्ही दिव्यांना पिवळसरच म्हणतो. याला ड्युटेरानोपिया म्हणतात. उलट एल नसेल (प्रोटानोपिया), तर लाल दिव्याला दोन्हीकडून 5-5च मिळतात. म्हणून लाल रंग त्यांना अंधारलेला, जवळपास काळपट दिसतो. दोघांमधला फरक इथेच कळतो.

एल आणि एमची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आणि जवळपास सारखी असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल सहज चुकते. मुलग्यांकडे एक्स एकच, म्हणून हे त्यांच्यात जास्त. एसचं जनुक सातव्या गुणसूत्रावर असतं. ते द्रव्य नसणं फारच दुर्मिळ.

बऱ्याच जणांचं द्रव्य गायब नसतं, फक्त थोडं सरकलेलं असतं. तेव्हा फरक शून्य न होता लहान होतो. अँड्रॉइडच्या `Color correction` मध्ये दिसणारं `Deuteranomaly` हे त्याचंच नाव. ती सेटिंग लाल-हिरव्यातला फरक थोडाफार निळ्या-पिवळ्याकडे ढकलते. हरवलेलं रंगद्रव्य काही ती परत आणत नाही, आणि पॉवर बँकच्या दिव्यावर तर तिचा काहीच उपयोग नाही.