गोसेनचा उपेक्षित नियम

तहानेनें व्याकूळ झालेल्या पांथस्थास पाण्याचा पहिला पेला अमृतासमान वाटतो. दुसऱ्यानें तृप्ति होते. तिसरा नकोसा होतो. हा सर्वांचाच अनुभव. परंतु त्यांतून खर्चाचा नियम कसा निष्पन्न होतो, हें हेर्मान हाइन्रिख गोसेन या जर्मन गृहस्थानें दाखविलें. प्रशियाच्या सरकारी नोकरींतून बाहेर पडल्यावर त्यानें लिहिलेला ग्रंथ १८५४ सालीं ब्राउन्श्वाइग येथें प्रसिद्ध झाला.

वस्तु जसजशी अधिक मिळते, तसतसें तिच्या पुढील नगापासून होणारें सुख घटत जातें, हें त्याचें पहिलें सूत्र. यासच पुढें घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम म्हणूं लागले. दुसरें सूत्र असें कीं, द्रव्य मर्यादित असतां प्रत्येक वस्तूवरील शेवटच्या नाण्यानें सारखेंच सुख द्यावें.

समजा, एकाजवळ ९ रुपये आहेत; आंबा २ रुपयांस व केळें १ रुपयास मिळतें. आंब्यांपासून त्याला अनुक्रमें २०, १६, १२ व ८ मापें सुख होतें. केळ्यांपासून १०, ८, ६, ४ व २. त्यानें ३ आंबे व ३ केळीं घेतलीं, तर पैसे बरोबर संपतात आणि एकूण सुख ४८ अधिक २४, म्हणजे ७२ होतें.

येथें पुष्कळांची चूक होते. शेवटचा आंबा १२ मापें देतो व शेवटचें केळें ६. तेव्हां आंबे वाढवावे, असें वाटतें. परंतु चौथ्या आंब्यासाठीं २ केळीं सोडावीं लागतात. मिळतात ८ मापें, जातात १४. उलट एक आंबा सोडून २ केळीं घेतलीं, तर १२ जातात व ६ मिळतात. दोहोंकडून बेरीज ६६ वर उतरते. आंब्याची किंमत दुप्पट, म्हणून त्याचें शेवटचें सुखहि दुप्पटच हवें. समता नगांची नव्हे, रुपयांची पाहावयाची. मात्र जिचा पहिला नगहि रुपयामागें इतकें सुख देत नाहीं, ती वस्तु घेऊंच नये. तेथें समता शोधणें व्यर्थ होय.

गोसेनच्या ग्रंथाची कोणीं दखल घेतली नाहीं. निराश होऊन त्यानें उरलेल्या प्रती परत घेतल्या, आणि १८५८ सालीं तो कोलोन येथें निवर्तला. १८७१ सालीं इंग्लंडांत जेव्हन्स व व्हिएन्ना येथें मेंगर यांनीं, त्याचें नांवहि ठाऊक नसतां, याच विचारावर आपापले ग्रंथ रचले. १८७८ सालीं जेव्हन्सला गोसेनच्या पुस्तकाचा पत्ता लागला, आणि पुढच्याच वर्षीं आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें अग्रत्वाचा मान मोकळ्या मनानें गोसेनला दिला.

सुख मापतां येतें, हें गोसेनचें गृहीत मात्र टिकलें नाहीं. १९३४ सालीं हिक्स व ॲलन यांनीं दाखविलें कीं, मापाची गरजच नाहीं. आणखी एका आंब्यासाठीं ग्राहक किती केळीं सोडावयास तयार आहे, एवढें कळलें कीं पुरे. तें प्रमाण किंमतींच्या प्रमाणाशीं जुळलें, कीं खरेदी पूर्ण झाली. मापें गेलीं; गोसेनचा नियम राहिला.