केस मुलाखत : पूर्वतयारी

सल्लागार संस्था आणि कंपन्यांचे स्ट्रॅटेजी विभाग उमेदवारापुढे व्यवसायातला एखादा पेच ठेवतात आणि तो सोडवताना त्याचा विचार कसा चालतो हे पाहतात. या मुलाखतीला केस मुलाखत म्हणतात. भारतातल्या व्यवस्थापन संस्थांत उन्हाळी इंटर्नशिपची निवड पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच होते. हाती वेळ थोडा, म्हणून केसबुकांतले दहा-बारा साचे घोकून जाण्याकडे उमेदवारांचा कल असतो. ही मेहनत बहुतांशी वाया जाते. नवशिक्याला ‘नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च’ एवढी एकच मांडणी पुरते; मात्र तिच्या फांद्या समोरच्या केसप्रमाणे फोडता आल्या पाहिजेत. फांद्या एकमेकींवर चढू नयेत आणि काही बाहेर राहू नये, ही त्यांची कसोटी. तिचे ‘मीसी’ हे इंग्रजी आद्याक्षरी नाव रूढ केले ते मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी.

समजा, अशी केस आली : एका उपाहारगृह-साखळीची विक्री वाढली, पण महिन्याचा नफा १२ लाखांवरून ९.६ लाखांवर आला; काय करावे? पाठ केलेला साचा ग्राहक, स्पर्धक, उत्पादन, कंपनी असे चार कप्पे काढतो आणि प्रत्येकात दोन-दोन प्रश्न टाकतो. साधी मांडणी आधी आकडे मागते. गेल्या वर्षी महिन्याला ४०,००० बिले होती, आता ४४,००० आहेत. सरासरी बिल १५० रुपयेच. म्हणजे उत्पन्न ६० लाखांवरून ६६ लाख झाले आणि दुखणे खर्चात आहे. भाडे व पगार २२ लाखांवर स्थिर. कच्चा माल बिलामागे ६० रुपये, तोही पूर्वीइतकाच. उरते ते ॲपवरून जाणारे पार्सल : कमिशन आणि पॅकिंग मिळून ऑर्डरमागे ५० रुपये. अशा ऑर्डरी ४,००० वरून १६,००० झाल्या आणि बसून खाणारे ३६,००० वरून २८,००० वर आले. बसणाऱ्याच्या बिलातून ९० रुपये सुटतात, ॲपच्या बिलातून ४०. आठ हजार बिले गेली तिथे ७.२ लाख गेले, बारा हजार आली तिथे ४.८ लाख आले. फरक बरोबर २.४ लाख.

इथे बरेच उमेदवार पेन ठेवतात आणि ‘ॲप बंद करा’ म्हणतात. खरी केस इथूनच सुरू होते, कारण ते आठ हजार कुठे गेले हे अजून कळलेलेच नाही. तेच लोक घरबसल्या मागवू लागले असतील, तर ॲपने मालकाचेच गिऱ्हाईक प्रत्येकी ५० रुपयांनी महाग केले. मग ॲपवरचे दर वाढवणे किंवा बसून खाणाऱ्यांना सवलत देणे यांचा विचार करता येतो. पण ते शेजारच्या नव्या हॉटेलात गेले असतील, तर ॲपनेच धंदा सावरला. ॲपच्या ऑर्डरी वाढल्या नसत्या, तर नफा ४.८ लाखांवर घसरला असता. आकडे तेच, सल्ला उलटा. निवाडा करायला एक प्रश्न पुरतो : ज्या शाखांत ॲप सुरू केलेले नाही, तिथेही बसणारे कमी झाले का? झाले असतील, तर संशय शेजाऱ्यावर जातो.

आक्षेप असा की इतक्या साध्या मांडणीने उमेदवार उठून दिसत नाही. पण मुलाखत घेणारा तेच चार कप्पे दिवसभर ऐकत असतो. ॲप आणि बसून खाणारे ही फोड मात्र केस ऐकल्याशिवाय सुचत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : प्रत्येक केस नफ्याची नसते. नव्या बाजारात शिरावे का, या प्रश्नात निदान शेवटी नफ्याकडेच यावे लागते. सरकारी लसीकरण मोहिमेच्या केसमध्ये तोही आधार सुटतो. तिथे उद्दिष्ट विचारून घ्यायचे आणि त्याचीच फोड करायची : लस केंद्रापर्यंत पोहोचली का, माणूस केंद्रापर्यंत आला का, आलेल्याला ती टोचली गेली का. मांडणी बदलली, फोडण्याची रीत तीच राहिली. ही रीत अंगवळणी पडली नसेल, तर साचा पाठ असूनही अशा वेळी हात रिकामाच राहतो.

सराव दोघांनी करावा, एकाने मुलाखतकार होऊन. केस ऐकल्यावर तिचे उद्दिष्ट आपल्या शब्दांत परत सांगावे, दोनेक मिनिटे मागून घेऊन कागद आडवा धरून झाड काढावे आणि कोणती फांदी आधी व का, हे बोलून दाखवावे. लाखातल्या शून्यांची चूक सर्वांत जास्त होते. ४४,००० गुणिले १५० मोठ्याने, टप्प्याटप्प्याने केले की ती जोडीदाराला लगेच ऐकू येते. झाड केसचे आहे की पाठातले, हे ओळखायला जोडीदाराने कागदावरचे केसचे नाव झाकावे. उरलेल्या शब्दांवरून धंदा उपाहारगृहाचा की सिमेंटचा हे सांगता येत नसेल, तर तो कागद बाजूला सारून त्याच केसचे झाड पुन्हा काढावे.