१६ किलोहर्ट्झची रेघ: नकली लॉसलेस ओळखण्याची गोष्ट

हा एपिसोड हेडफोन लावून ऐकला असेल तर ठीकच, पण आजचा विषय खरं तर कानांचा नाही, डोळ्यांचा आहे. म्हणून हा लेखी भाग नीट वाचा.

तुमच्या फोनवर एक फाइल आहे. नावापुढे फ्लॅक लिहिलंय, खाली २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. साइज दीडशे एमबी. आपण खूश. पण आतलं गाणं कधीतरी चार-पाच एमबीच्या एमपी३ मधून आलेलं असू शकतं. फ्लॅक खोटं बोलत नाही, त्याला जे दिलं ते तो बिट न हरवता जपतो, बस्स. त्याला कचरा दिला तर तो कचरासुद्धा तितक्याच इमानदारीने जपेल. ही लबाडी पकडायची एक जुनी युक्ती आहे, आणि तिचं मूळ एमपी३ च्या जन्मातच आहे.

गोष्ट जर्मनीतल्या एर्लांगेनची. तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक डीटर झाइट्सर यांच्या डोक्यात टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवायची कल्पना होती. त्यांचा विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग त्यावर कामाला लागला आणि पुढे फ्राउनहोफर संस्थेतल्या टीमबरोबर त्यातूनच एमपी३ उभं राहिलं. १९९५ च्या जुलैमध्ये फाइलच्या नावापुढे `.mp3` लावायचं ठरलं. कल्पना अशी: कानाला जे ऐकू येत नाही, किंवा शेजारच्या मोठ्या आवाजाखाली जे झाकलं जातं, ते साठवायचंच कशाला?

आता इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे.

सीडीच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणून त्यात २२,०५० हर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. एमपी३ हा सगळा पट्टा ५७६ बारीक फितींत कापतं. एक फीत साधारण ३८ हर्ट्झची. मग या फितींचे २२ गट करतं. खाली गट अगदी छोटे असतात, पहिल्यात चारच फिती, कारण तिथे आपला कान फार बारकावे टिपतो. वर जाल तसे गट रुंद होतात. पहिल्या २१ गटांना प्रत्येकी स्वतःचा एक आकडा असतो, त्याला स्केलफॅक्टर म्हणतात. या गटात किती बारकाईने साठवायचं, हे तो ठरवतो. शेवटच्या, बाविसाव्या गटाला मात्र असा आकडाच दिलेला नाही.

हा शेवटचा गट ४१८ व्या फितीपासून सुरू होतो. गुणाकार करून बघा: ४१८ गुणिले ३८.२८ म्हणजे जवळपास १६,००० हर्ट्झ. तिथून वरच्या १५८ फिती, म्हणजे सहा हजार हर्ट्झचा अख्खा मजला, एकाच गटात कोंबलेला आणि त्याला स्वतःचा नॉब नाही. तिथे बारकाई हवी असेल तर एन्कोडरला सगळ्या पट्ट्याची बारकाई वाढवावी लागते आणि बिट्स भसाभस खर्च होतात. सोसायटीत एकाच फ्लॅटला जास्त पाणी हवं म्हणून अख्ख्या बिल्डिंगचा पंप वाढवावा लागतो ना, तसं. १२८ केबीपीएसच्या तंगीत हे परवडत नाही. मग एन्कोडर सरळ १६-१७ हजारांच्या वरचं कापून टाकतो. प्रौढ माणसाला तिथलं फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे कुणी तक्रारही करत नाही.

पण चित्रात ते दिसतं.

हे चित्र बघायची सवय कुणी लावली? अमेरिकेतल्या कॉन्सर्ट टेप करणाऱ्या वेड्यांनी. ग्रेटफुल डेडसारखे बँड प्रेक्षकांना कार्यक्रम रेकॉर्ड करू द्यायचे. डेडने तर १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. ही रेकॉर्डिंग्ज विकायची नाहीत, फक्त एकमेकांना द्यायची, असा अलिखित नियम. कॅसेटच्या काळात प्रत्येक कॉपीमागे खरखर वाढायची, त्यामुळे आपली कॉपी कितवी ते कानालाच कळायचं. डिजिटल आलं आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. १९९८ मध्ये ईट्री नावाचा गट सुरू झाला. तिथे लोक शॉर्टन नावाच्या लॉसलेस फॉरमॅटमध्ये कॉन्सर्ट ठेवायचे. फ्लॅक त्यानंतर आलं, २००१ मध्ये. फाइल्सबरोबर एक साधी टेक्स्ट फाइल असायची: कुठला माइक, कुठला रेकॉर्डर, मग कशातून कशात. थोडक्यात, रेकॉर्डिंगची वंशावळ.

घोळ या वंशावळीतच व्हायचा. समजा एकाने डायल-अपवर एमपी३ उतरवून घेतली, कारण पूर्ण फाइल त्याच्या कितीतरी पट मोठी. ती त्याने ऑडिओ सीडीवर जाळली आणि मित्राला दिली. मित्राला सीडी दिसली, म्हणजे अस्सल! त्याने प्रामाणिकपणे शॉर्टन बनवून पुढे पाठवली. यात खोटं कुणीच बोललं नाही. पण तिसऱ्या माणसाच्या घरी नकली लॉसलेस पोहोचली, आणि चौथ्याने ती आल्यावर आपली जुनी, खरखरीची पण अस्सल टेप काढून टाकली असेल तर ती रात्र कायमची गेली. ही खरी भीती होती. म्हणून लोक नवी फाइल आली की आधी तिचा स्पेक्ट्रम उघडून बघायचे.

तुम्हीही बघू शकता. मी माझ्याकडच्या एका सीडीवर केलेला प्रयोग सांगतो. सीडीवरून `asli.wav` काढली आणि तिची मुद्दाम वाट लावली:

```
lame -b 128 asli.wav madhli.mp3
lame --decode madhli.mp3 madhli.wav
sox madhli.wav -b 24 nakli.flac rate 96k
sox nakli.flac -n spectrogram -z 120 -o nakli.png
```

पहिल्या ओळीलाच लेम स्वतः कबुली देतं. माझ्या स्क्रीनवर त्याने छापलं की साडेसोळा ते सतरा हजार हर्ट्झच्या दरम्यान आवाज कापतोय. शेवटच्या ओळीने जे चित्र दिलं त्यात आडवा अक्ष वेळेचा, उभा फ्रिक्वेन्सीचा आणि रंग म्हणजे जोर. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलचं चित्र ४८ हजारांपर्यंत जातं. माझ्या फाइलमध्ये खालचा एक तृतीयांश भाग रंगीत, त्यावर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ, आणि वर मिट्ट काळोख. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत रेघ हलत नाही. झांजा वाजल्या तरी नाही. अस्सल गाण्यात असं होत नाही, तिथे झांजेचा ठोका ज्वाळेसारखा वर उसळतो आणि हळूहळू विरतो.

रेघ कुठे आहे यावरून वंशावळही थोडी वाचता येते. ती २२ हजारांवर असेल तर फाइल बहुधा सीडीच्याच दर्जाची आहे, फक्त ९६ चा झगा घातलाय. फसवणूक आहेच, पण आवाज हरवलेला नाही. १६-१७ हजारांवर असेल तर एमपी३ चा संशय घ्या. ३२० केबीपीएसला लेम साधारण २० हजारांच्या थोडं वर कापतं, त्यामुळे घाईत बघितलं तर फसाल. तेव्हा झूम करून १६ हजारांची जागा बघा. तिथे अनेकदा एक पायरी दिसते: खाली दाट रंग आणि वर तुटक ठिगळं, एका क्षणी आहे, पुढच्या क्षणी गायब. बाविसाव्या गटाचं ते गरिबीचं लक्षण. चांगल्या एन्कोडरची, भरपूर बिट्सची फाइल मात्र या परीक्षेतून सुटूही शकते. आणि यूट्यूबवर वगैरे वापरलं जाणारं एएसी वेगळ्या घडणीचं आहे, त्यात वरच्या गटांनाही आपापले आकडे असतात, त्यामुळे १६ हजारांची पायरी तिथे शोधू नका.

आता माझी फजिती.

एका मित्राच्या वडिलांनी मला काही कॅसेट्सच्या फ्लॅक फाइल्स दिल्या. नव्वदच्या दशकात त्यांनी रेडिओवरून टेप केलेले गाण्याचे कार्यक्रम. मी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये पहिली फाइल उघडली आणि १५ हजारांवर सणसणीत रेघ. मी लगेच मोठ्या थाटात म्हणालो, "काका, ही मूळ कॅसेटवरची नाही. कुणीतरी एमपी३ वरून बनवून दिलीय तुम्हाला." काका काही बोलले नाहीत. उठले, कपाटातून कॅसेट आणली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. त्यावर त्यांच्याच अक्षरात तारीख. "डेकची वायर मीच लावली होती रे," एवढंच म्हणाले.

घरी येऊन तीच फाइल सॉक्समध्ये, १२० डेसिबलची पूर्ण रेंज ठेवून उघडली. रेघ होतीच, पण तिच्या वर काळोख नव्हता. फिकट, सलग, एकसारखं धुकं होतं, अगदी वरपर्यंत. कॅसेटची सळसळ. अ‍ॅपची रेंज कमी असल्यामुळे ते धुकं मला काळं दिसलं होतं. मग डोक्यात प्रकाश पडला: एफएम स्टीरिओमध्ये आवाज १५ हजारांपर्यंतच पाठवतात, कारण १९ हजारांवर स्टीरिओचा पायलट सिग्नल असतो आणि त्याला धक्का लागून चालत नाही. रेघ एमपी३ ने मारली नव्हती, प्रसारणातच मारली गेली होती. गाणं त्या रेघेशी थांबलं, पण त्यानंतर टेपने आपली सळसळ सगळ्या पट्ट्यावर पसरली. एमपी३ शेवटी झाली असती तर तिने ती सळसळही कापली असती.

टेप करणाऱ्यांनाही हे चकवे माहीत होते. डॅट रेकॉर्डरवर टेप जास्त वेळ पुरावी म्हणून ३२ किलोहर्ट्झचा मोड लावला, तर अस्सल रेकॉर्डिंगसुद्धा १६ हजारांच्या आतच थांबतं, आणि वर काळोखही असतो! तिथे चित्र निकाल देऊ शकत नाही. सोबतची टेक्स्ट फाइल वाचावी लागते, किंवा १६ हजारांच्या खाली बघावं लागतं: एमपी३ असेल तर हळू आवाजाच्या जागी खालच्या पट्ट्यांतही छोटी चौकोनी भोकं दिसतात, जणू कुणी कात्रीने तुकडे काढलेत. डॅटमध्ये ती नसतात.

काकांच्या फाइलमध्ये मी ती भोकं अर्धा तास शोधली. एकही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "बरं. अजून अकरा कॅसेट आहेत, कधी येतोस?"